पीएफचं व्याज: महिन्याला मोजलं जातं, वर्षाला जमा होतं. नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर आणि मिहानमधल्या नोकरदारांचे पगार आणि पीएफ मी बरीच वर्षं पाहतो. जून-जुलैत पासबुकात व्याजाची ओळ दिसायला लागली की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: हा आकडा बरोबर आहे की नाही? तो घरबसल्या, साध्या कॅल्क्युलेटरवर तपासता येतो. या पानावर तेवढंच एक काम आहे, पण ते शेवटपर्यंत नेलं आहे. उदाहरण सगळीकडे २०२४-२५ या वर्षाचं घेतलं आहे. त्या वर्षाचा दर ८.२५ टक्के होता.

हे सगळं कोणत्या पीएफला लागू आहे?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, म्हणजे ईपीएफओकडे ज्यांचं खातं आहे त्यांना. नागपुरात हे आधी सांगावंच लागतं, कारण इथे तीन वेगळे पीएफ एकाच घरात सापडतात. वेकोलिच्या खाणीत किंवा कार्यालयात काम करणाऱ्यांचा पीएफ कोळसा खाण भविष्य निधी संघटनेकडे असतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा जीपीएफ वेगळा, आणि विदर्भ-मराठवाड्याचे ते हिशेब नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात राहतात. या दोन्ही ठिकाणी दर आणि नियम आपापले आहेत. वडिलांच्या जीपीएफच्या स्लिपवरून मुलाच्या ईपीएफचं व्याज मोजायला गेलं की आकडा जुळत नाही, आणि उगाच तक्रार तयार होते.

व्याज महिन्याला मोजतात तर ते महिन्याला का दिसत नाही?

मोजणं आणि जमा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ईपीएफ योजना, १९५२ च्या परिच्छेद ६० प्रमाणे व्याज दर महिन्याच्या चालू शिल्लकेवर धरलं जातं, पण ते खात्यात चढतं वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ मार्चच्या तारखेने, एकरकमी. म्हणून एप्रिलचं व्याज मे महिन्याच्या शिल्लकेत मिसळत नाही. वर्षाच्या आत व्याजावर व्याज नाही, वर्ष बदललं की आहे.

८.२५ टक्क्यांचा महिन्याचा दर ०.६८७५ टक्के. इंटरनेटवरच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये हा दर दर महिन्याला चक्रवाढीने फिरवलेला असतो. तीन लाखांच्या शिल्लकेवर त्याने वर्षाला साधारण साडेनऊशे रुपये जास्त दिसतात. मग माणूस म्हणतो, पीएफवाल्यांनी माझे साडेनऊशे रुपये खाल्ले. तसं नसतं, त्या कॅल्क्युलेटरची रीतच वेगळी असते.

मग नेमका नियम काय?

परिच्छेद ६० मध्ये तीन गोष्टी आहेत आणि सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. पहिली, मागच्या ३१ मार्चला खात्यात जे होतं त्यातून या वर्षी काही काढलं नसेल तर त्यावर पूर्ण बारा महिन्यांचं व्याज. दुसरी, या वर्षात जे पैसे जमा झाले त्यावर जमा झालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून मार्चअखेरपर्यंतचं व्याज. तिसरी, या वर्षात जी रक्कम काढली तिच्यावर १ एप्रिलपासून, काढलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचं व्याज. एकूण व्याज जवळच्या पूर्ण रुपयात धरतात. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया.

तारखेला इथे महत्त्व नाही, महिन्याला आहे. मालकाने ३ तारखेला चलान भरलं काय आणि १५ तारखेला भरलं काय, त्या पैशावर व्याज पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासूनच सुरू होतं.

पीएफचं वर्ष एप्रिल ते मार्च आहे. म्हणजे एप्रिल ते मार्चचे बारा पगार धरायचे ना?

नाही. सगळ्यात जास्त हिशेब इथेच चुकतात, म्हणून हे नीट समजून घ्या.

मार्चचा पगार झाला की त्याचा पीएफ मालक एप्रिलमध्ये भरतो. शेवटची तारीख १५ एप्रिल. म्हणजे मार्च २०२४ च्या पगाराचा पीएफ २०२४-२५ या वर्षात पडतो. त्याच रीतीने फेब्रुवारी २०२५ च्या पगाराचा पीएफ मार्च २०२५ मध्ये जमा होतो आणि तो या वर्षाचा शेवटचा हप्ता. मार्च २०२५ च्या पगाराचा पीएफ एप्रिलमध्ये भरला जातो, त्यामुळे तो थेट पुढच्या वर्षात जातो. पासबुकात म्हणूनच दोन वेगळे महिने दिसतात. एक पगाराचा महिना, आणि दुसरा तपशिलात लिहिलेला ड्यू-मंथ. `Cont. For Due-Month 042024` अशी नोंद असेल तर ती मार्च २०२४ च्या पगाराची आहे.

आता प्रत्येक हप्त्याला किती महिन्यांचं व्याज मिळतं ते पाहा. एप्रिलमध्ये पडलेल्या हप्त्यावर व्याज १ मेपासून, म्हणजे ११ महिने. मेमध्ये पडलेल्यावर १० महिने. असं एकेक कमी होत जातं. फेब्रुवारीत पडलेल्याला १ महिना, आणि मार्चमध्ये पडलेल्याला शून्य, कारण त्याचं व्याज १ एप्रिलपासून सुरू होतं आणि तोवर वर्ष संपलेलं असतं. ११ पासून ० पर्यंतच्या या सगळ्या महिन्यांची बेरीज ६६.

हा ६६ चा आकडा लक्षात ठेवा. वर्षभर कपात सारखी राहिली असेल तर एका हप्त्याला ६६ ने गुणलं की नव्या पैशाचा सगळा हिशेब त्यात येतो.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

समजा, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रमोदभाऊ ऑपरेटर आहेत. बेसिक आणि डीए मिळून महिना १५,००० रुपये. त्यांच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही १२ टक्केच देतो, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० रुपये पीएफमध्ये येतात.

१ एप्रिल २०२४ ला त्यांच्या पासबुकात स्वतःच्या हिश्श्याचे १,९०,००० आणि मालकाच्या हिश्श्याचे १,१०,००० रुपये होते. वर्षभर पगार बदलला नाही, पैसे काढले नाहीत, मालकाने दर महिन्याला वेळेवर भरले.

आधी त्यांचा स्वतःचा हिस्सा. सुरुवातीची शिल्लक बारा महिने राहिली, म्हणून १,९०,००० गुणिले १२, म्हणजे २२,८०,०००. नवे हप्ते १,८०० गुणिले ६६, म्हणजे १,१८,८००. दोन्ही मिळून २३,९८,८००. याला ८.२५ ने गुणून १२०० ने भागलं की १६,४९१.७५ येतात. पूर्ण रुपयात १६,४९२.

मालकाचा हिस्सा त्याच रीतीने. १,१०,००० गुणिले १२ म्हणजे १३,२०,०००. ५५० गुणिले ६६ म्हणजे ३६,३००. बेरीज १३,५६,३००. व्याज ९,३२४.५६, पूर्ण रुपयात ९,३२५.

दोन्ही मिळून वर्षाचं व्याज २५,८१७ रुपये. ३१ मार्च २०२५ ला प्रमोदभाऊंच्या हिश्श्यात १,९०,००० अधिक वर्षाचे २१,६०० अधिक व्याज १६,४९२, म्हणजे २,२८,०९२ रुपये. मालकाच्या हिश्श्यात १,१०,००० अधिक ६,६०० अधिक ९,३२५, म्हणजे १,२५,९२५. एकूण ३,५४,०१७.

मी दोन्ही हिस्से एकत्र करून मोजलं तर एक रुपया कमी येतो. कुठे चुकलं?

कुठेच नाही. वरच्याच उदाहरणात तीन लाख आणि २,३५० एकत्र धरून मोजलं तर २५,८१६.३१ येतात, म्हणजे २५,८१६. पासबुकात मात्र दोन रकाने वेगळे असतात आणि प्रत्येक रकान्याचे पैसे वेगवेगळे पूर्ण रुपयात जातात. एका रुपयाचा फरक त्यातून येतो. फरक त्याहून मोठा असेल तरच पुढे शोधायचं.

पेन्शनच्या रकान्यातही पैसे जातात. त्यावर किती व्याज?

काहीच नाही. प्रमोदभाऊंच्या पासबुकात तिसऱ्या रकान्यात दर महिन्याला १,२५० दिसतात, वर्षाला १५,०००. ते पैसे कर्मचारी पेन्शन योजनेत जमा होतात. तिथला लाभ नोकरीची वर्षं आणि पगार यावरून ठरतो, शिल्लक आणि व्याज यावरून नाही. म्हणून तिन्ही रकान्यांची बेरीज करून त्यावर ८.२५ टक्के लावू नका.

व्याजाच्या ओळीत या रकान्यासमोर शून्य दिसलं म्हणून घाबरून आलेली माणसं मी दर वर्षी पाहतो. ते शून्य बरोबर आहे.

वर्षाच्या मध्ये पगार वाढला तर ६६ चा आकडा चालेल का?

चालणार नाही. तेव्हा प्रत्येक हप्ता वेगळा घ्यायचा आणि त्याच्या उरलेल्या महिन्यांनी गुणायचा. पैसे काढले असतील तर तेही याच सूत्रात बसतात:

```
व्याज = (सुरुवातीची शिल्लक × 12
        + प्रत्येक हप्ता × त्याचे उरलेले महिने (सगळ्यांची बेरीज)
        − काढलेली रक्कम × काढल्याच्या महिन्यापासून मार्चपर्यंतचे महिने)
        × दर ÷ 1200
```

एक्सेल येत असेल तर `B1` मध्ये सुरुवातीची शिल्लक, `B2` ते `B13` मध्ये एप्रिल ते मार्च या क्रमाने जमा झालेले हप्ते, आणि `C2` ते `C13` मध्ये 11 पासून 0 पर्यंतचे महिने लिहा. मग, वर्षात पैसे काढले नसतील तर, एवढंच:

```
=ROUND((B1*12+SUMPRODUCT(B2:B13,C2:C13))*8.25/1200,0)
```

कर्मचाऱ्याच्या हिश्श्यासाठी एकदा, मालकाच्या हिश्श्यासाठी पुन्हा एकदा.

मध्येच ॲडव्हान्स घेतला तर व्याज किती कमी होतं?

समजा प्रमोदभाऊंनी घरातल्या आजारपणासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःच्या हिश्श्यातून ५०,००० रुपये काढले. या पन्नास हजारांवर व्याज मिळेल ते ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांचं. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने गेले. ५०,००० गुणिले ६ म्हणजे ३,००,००० हे आधीच्या २३,९८,८०० मधून वजा करा. उरले २०,९८,८००, आणि त्याचं व्याज १४,४२९. आधी १६,४९२ येत होतं. म्हणजे त्या वर्षापुरता २,०६३ रुपयांचा फरक. पुढच्या वर्षांत तो वाढत जातो, कारण पन्नास हजार परत येत नाहीत आणि हे व्याजही शिल्लकेत नसतं.

गरज असेल तेव्हा पैसे काढावेतच, त्यासाठीच ते आहेत. दवाखान्याचं बिल समोर असताना तीनशे रुपयांच्या व्याजाचा विचार करू नये. पण काम दहा-पंधरा दिवस थांबण्यासारखं असेल तर एक गोष्ट माहीत असावी: पैसे २९ ऑक्टोबरला निघाले तरी ऑक्टोबरचं व्याज जातं, आणि ते १ नोव्हेंबरनंतर निघाले तर मिळतं. पन्नास हजारांवर एका महिन्याचं व्याज ३४४ रुपये होतं.

एप्रिलमध्ये नोकरी लागली. वर्षअखेर बारा हप्ते हवेत, पासबुकात अकराच आहेत. मालकाने एक महिना बुडवला का?

बहुतेक वेळा नाही. एप्रिल २०२४ चा पहिला पगार, त्याचा पीएफ मेमध्ये भरला गेला. त्यामुळे पहिल्या वर्षात मे ते मार्च असे अकराच हप्ते पडतात, आणि महिन्यांची बेरीज ६६ ऐवजी ५५ होते. प्रमोदभाऊंच्याच पगारावर नव्याने लागलेल्या मुलीचं पहिल्या वर्षाचं व्याज स्वतःच्या हिश्श्यावर ६८१ आणि मालकाच्या हिश्श्यावर २०८, मिळून ८८९ रुपये येईल. पंचवीस हजारांहून जास्त जमा होऊन व्याज एवढंच का, असं वाटतं खरं. पण ते पैसे वर्षभर खात्यात नव्हते. शेवटचा हप्ता तर एक दिवसही व्याजाला आलेला नाही.

दर कधी ठरतो, आणि व्याज पासबुकात इतक्या उशिरा का येतं?

आधी ईपीएफओचं केंद्रीय विश्वस्त मंडळ दराची शिफारस करतं, मग अर्थ मंत्रालयाची संमती लागते, त्यानंतर दर लागू होतो आणि खात्यांत व्याज चढवायला सुरुवात होते. २०२४-२५ साठी मंडळाने ८.२५ टक्क्यांची शिफारस २८ फेब्रुवारी २०२५ ला केली होती, संमती मे महिन्यात आली. म्हणजे ३१ मार्चच्या तारखेचं व्याज प्रत्यक्ष पासबुकात दिसायला उन्हाळा उलटून जातो.

दर दर वर्षी वेगळा असू शकतो, म्हणून जुनं वर्ष तपासताना त्याच वर्षाचा दर घ्या. २०१९-२० आणि २०२०-२१ ला ८.५, २०२१-२२ ला ८.१, २०२२-२३ ला ८.१५, आणि २०२३-२४ ला ८.२५ टक्के.

नोंद उशिरा झाली तर मधल्या महिन्यांचं व्याज बुडतं का?

बुडत नाही. नोंद ऑगस्टमध्ये झाली तरी तिचा परिणाम ३१ मार्चपासून धरला जातो. प्रमोदभाऊंचे १६,४९२ रुपये १ एप्रिल २०२५ च्या सुरुवातीच्या शिल्लकेत मोजले जातात आणि त्यांच्यावर पुढच्या पूर्ण वर्षाचं व्याज लागतं. २०२१-२२ चं व्याज बऱ्याच उशिरा दिसलं तेव्हा लोक फार अस्वस्थ झाले होते. करपात्र व्याज वेगळं दाखवण्यासाठी सॉफ्टवेअर बदलणं चालू होतं. तेव्हा अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की कोणाच्याही व्याजाचं नुकसान नाही, आणि जे पैसे काढत आहेत त्यांना व्याजासह रक्कम दिली जात आहे.

मात्र एक गोष्ट स्वतः पाहायला हवी. व्याजाची ओळ आल्यावर पुढच्या वर्षाचं पान उघडा. तिथली सुरुवातीची शिल्लक, जिच्यापुढे `OB Int. Updated upto` असं लिहिलेलं असतं, ती मागच्या वर्षाच्या व्याजासकट आहे का ते जुळवा. प्रमोदभाऊंच्या बाबतीत ती २,२८,०९२ हवी. ती २,११,६०० दिसली तर व्याज अजून पुढे आलेलं नाही. तसंच राहिलं तर पुढच्या वर्षी त्या १६,४९२ वरचं १,३६१ रुपयांचं व्याजही कमी पडेल. म्हणून सलग दोन वर्षांची पानं शेजारी ठेवून पाहायची.

माझा हिशेब आणि पासबुक यांत दोनशे रुपयांचा फरक येतो. कारण काय असेल?

फरक केवढा आहे यावरून कारणाचा अंदाज येतो. पहिल्यांदा पाहा की पासबुकातले सगळे हप्ते आहेत का. पगाराच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात तो महिनाच नाही, असं असेल तर प्रश्न व्याजाचा नाही, मुद्दलाचा आहे. मग सुरुवातीची शिल्लक जुळवा.

ही दोन्ही बरोबर असतील तर हप्त्यांच्या तारखा पाहा. मालकाने तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले असतील तर तिथे उत्तर सापडू शकतं. समजा जून, जुलै आणि ऑगस्टच्या पगाराचा पीएफ जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरमध्ये पडायला हवा होता. त्या हप्त्यांना ८, ७ आणि ६ असे मिळून २१ महिने मिळाले असते. तिन्ही डिसेंबरमध्ये पडले आणि व्याज जमा झाल्याच्या तारखेवरून धरलं, तर प्रत्येकाला तीनच महिने, म्हणजे ९. बारा महिन्यांचा फरक, महिन्याचे २,३५० धरले तर १९४ रुपये.

रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. पगारातून कापलेले पैसे मालकाने मधल्या काळात स्वतःकडे ठेवले, असा त्याचा अर्थ आहे. उशिरा भरणाऱ्या मालकाकडून भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम ७ क्यू खाली वार्षिक १२ टक्के व्याज वसूल केलं जातं, आणि कलम १४ बी खाली दंडाची रक्कम वेगळी. एका कारखान्यातल्या कामगारांनी पासबुकाच्या तारखा दर महिन्याला पाहायला सुरुवात केल्यावर तिथली चलानं १५ तारखेच्या आत यायला लागलेली मी पाहिली आहेत. त्या कामगारांनी वेगळं काही केलं नव्हतं, फक्त तारखा लिहून ठेवून महिन्याच्या महिन्याला विचारत राहिले.

नोकरी सुटली, पैसे तसेच ठेवले. व्याज चालू राहतं का?

वय ५५ च्या आत नोकरी सुटली असेल तर चालू राहतं. २०११ पासून काही वर्षं असा नियम होता की तीन वर्षं हप्ता आला नाही तर व्याज बंद. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये बदलला. तरीही चहाच्या टपरीवर आजही तोच जुना नियम ऐकायला मिळतो, आणि तो ऐकून लोक घाईने पैसे काढतात. आता चाळिशीत नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर वयाच्या ५८ पर्यंत व्याज मिळतं. पण ५५ नंतर निवृत्त होऊन ३६ महिने पैशासाठी अर्जच केला नाही, तर खातं निष्क्रिय ठरतं आणि व्याज थांबतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा. निवृत्तीनंतर पीएफ तसाच ठेवून विसरण्याचं वय तेच असतं.

पूर्ण पैसे काढताना शेवटच्या महिन्याचं व्याज मिळतं का?

जुन्या पद्धतीत क्लेम महिन्याच्या २४ तारखेपर्यंत निकाली निघाला तर व्याज आधीच्या महिन्याच्या अखेरपर्यंतच मिळायचं. विश्वस्त मंडळाने ३० नोव्हेंबर २०२४ च्या बैठकीत यात बदल मंजूर केला. त्यात रक्कम निकाली निघण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज द्यायचं ठरलं. महिनाअखेरीची वाट पाहत क्लेम अडवून ठेवायचं कारण त्यामुळे उरत नाही.

या व्याजावर कर लागतो का?

बहुतेक कामगारांना नाही. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर त्या वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र आहे. प्रमोदभाऊंचा हिस्सा वर्षाला २१,६०० आहे, त्यांना याची काळजी नको. मिहानमधल्या मोठ्या पगाराच्या मंडळींनी मात्र पासबुकातला करपात्र भाग वेगळा पाहावा.

तक्रार कुठे करायची? मी नागपुरात आहे, पण कंपनी पुण्याची आहे.

आधी मेंबर आयडी पाहा. तो `NGNAG` ने सुरू होत असेल तर खातं नागपूर कार्यालयाचं, म्हणजे तुकडोजी चौकाजवळच्या भविष्य निधी भवनाचं. `PUPUN` असेल तर ते पुण्याकडे, `MHBAN` असेल तर मुंबईत वांद्र्याकडे. तुम्ही बुटीबोरीत काम करत असलात तरी कंपनीची नोंदणी जिथली, हिशेब तिथल्या कार्यालयात असतो. हे न पाहता तुकडोजी चौकात अर्धा दिवस रांगेत उभं राहून परत आलेले बरेच जण भेटतात.

हप्ताच नसेल तर आधी कंपनीच्या एचआरला लेखी विचारा आणि त्या महिन्याच्या चलानची प्रत मागा. सगळे हप्ते आहेत पण व्याजच चुकलं आहे, तर `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवा. कार्यालय कोणतंही असो, तिथून तक्रार त्या कार्यालयाकडे जाते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. तक्रारीत "व्याज कमी आलं" एवढंच लिहू नका. वर्ष, सुरुवातीची शिल्लक, हप्त्यांची बेरीज, तुमचा आकडा आणि पासबुकातला आकडा, हे पाच तपशील लिहा आणि दोन्ही वर्षांची पासबुकाची पानं जोडा. प्रत्यक्ष जाऊन बोलायचं असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" हा कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात असतो. भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीच्या लोकांना त्यासाठी नागपूरला यायची गरज पडत नाही. जाताना हिशेबाचा कागद बरोबर ठेवा, म्हणजे कोणता आकडा कुठे जुळत नाही ते समोरच्या अधिकाऱ्याला लगेच दाखवता येईल.